उद्योग खात्रीची मजुरी अडली? तालुका पंचायतीला अर्ज असा करा

औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतले मराठी वाचक मनरेगाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बोलीतल्या उद्योग खात्रीच्या, थकलेल्या मजुरीबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. काम करून दोन महिने झाले, पंचायतीत गेलं की 'दिल्लीहून पैसे आले नाहीत' असं सांगतात, आता अर्ज कोणाकडे करायचा? मराठीत लिहिलेला अर्ज चालतो का? उदगीरचे पाहुणे तहसीलदाराकडे जा म्हणतात, ते बरोबर आहे का? हा लेख याच प्रश्नांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'आमची मजुरी मिळाली नाही, कृपया मिळावी' एवढाच मजकूर असलेला अर्ज फाईलमध्ये पडून राहतो. मजुरी नेमकी कुठे अडली आहे हे आधी शोधून, हजेरीपटाचा क्रमांक आणि तारीख घालून लिहिलेल्या अर्जाला अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

सीमेपलीकडचा सल्ला इथे लागू होत नाही

मनरेगाचा कायदा २००५ सालचा आणि सगळ्या देशासाठी एकच आहे. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो पहिल्या टप्प्यात ज्या जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत बीदर आणि तेव्हाचा गुलबर्गा हे दोन्ही होते. कायदा एक असला तरी तो राबवणारी कार्यालयं राज्यागणिक वेगळी आहेत. लातूर किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या नातेवाइकांचा सल्ला ऐकून अर्ज तहसीलदाराच्या नावे लिहिला, तर कर्नाटकात तो चुकीच्या टेबलावर जातो. आपल्याकडची रचना अशी आहे:

- ग्रामपंचायत: इथले जबाबदार अधिकारी म्हणजे पंचायत अभिवृद्धी अधिकारी, ज्यांना सगळे पीडीओ म्हणतात. हजेरीपट (कार्यालयात त्याला एनएमआर म्हणतात) इथूनच निघतो आणि इथेच परत येतो.
- तालुका पंचायत: कायद्याच्या भाषेतले 'कार्यक्रम अधिकारी' म्हणजे तालुका पंचायतीचे कार्यनिर्वाहक अधिकारी, म्हणजेच ईओ. मजुरीच्या तक्रारीचा मुख्य अर्ज यांच्याच नावे करायचा.
- जिल्हा पंचायत: मुख्य कार्यनिर्वाहक अधिकारी, म्हणजे सीईओ, हे जिल्हा कार्यक्रम समन्वयक असतात.

मजुरीचा दरही दोन्ही राज्यांत वेगळा आहे. २०२५-२६ साठी कर्नाटकात तो दिवसाला ३७० रुपये आणि महाराष्ट्रात ३१२ रुपये ठरला होता. तुमचा हिशेब कर्नाटकाच्या, आणि ज्या वर्षी काम केलं त्या वर्षाच्या दरानेच करा. हा दर ठरलेलं काम पूर्ण झालं तर मिळतो. मोजमाप कमी भरलं तर मजुरीही कमी येते. त्यामुळे 'मजुरी कमी आली' आणि 'मजुरी उशिरा आली' या दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहा.

पहिलं पाऊल: मजुरी कुठे अडली ते शोधा

कामावरची हजेरी ते तुमचं बँक खातं, या वाटेवर मजुरी चार ठिकाणी अडू शकते. पंचायतीतल्या संगणक चालकाकडून किंवा ग्राम वन केंद्रातून तुमच्या जॉब कार्डाच्या क्रमांकावरून या कामाच्या मजुरीची नोंद छापून घ्या. तिच्यात हजेरीपटाचा क्रमांक, मजुरी यादीचा क्रमांक, एफटीओचा क्रमांक आणि पैसे जमा झाल्याची तारीख हे रकाने पाहा. एफटीओ म्हणजे पैसे खात्यावर पाठवण्याचा संगणकावरचा आदेश. तो दोन डिजिटल सह्या झाल्यावर पुढे जातो.

१. हजेरीपट किंवा मोजमाप अडलं. नोंदीत तुमचे दिवसच दिसत नाहीत किंवा कमी दिसतात. कायक बंधूने, म्हणजे कामावरच्या मेटने, मोबाइलवर घेतलेली हजेरी चढली नसेल किंवा अभियंत्याने मोजमाप पुस्तकात (एमबीत) नोंद केली नसेल. ही जबाबदारी गाव आणि तालुका पातळीची आहे.

२. एफटीओ निघाला नाही किंवा सही राहिली. दिवस बरोबर दिसतात, रक्कमही दिसते, पण एफटीओचा रकाना रिकामा आहे किंवा दुसरी सही झालेली नाही. ही जबाबदारीसुद्धा इथलीच. असं असताना कोणी 'दिल्लीहून पैसे आले नाहीत' म्हणालं, तर ते खरं नाही. आदेशच निघाला नसेल, तर दिल्लीकडे अजून काही मागितलेलंच नाही.

३. एफटीओ झाला, दोन्ही सह्या झाल्या, पण पैसे जमा नाहीत. इथे मात्र उशीर केंद्राकडचा असू शकतो. अकुशल मजुरीचे पैसे केंद्र सरकार थेट मजुराच्या खात्यावर पाठवतं.

४. पैसे परत गेले किंवा दुसऱ्याच खात्यात गेले. नोंदीत 'रिजेक्टेड' दिसतं, किंवा पैसे जमा झाल्याचं दिसतं पण पासबुकात काही नाही. हा घोळ आधार आणि बँकेचा आहे. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

नोंदीचा हा छापील कागद जपून ठेवा. त्यावरची तारीख पुढे तुमच्या बाजूने बोलते.

तुमचे हक्क, अर्जात लिहिता येतील एवढेच

- मुदत: कायद्याच्या कलम ३ नुसार मजुरी दर आठवड्याला द्यायची आहे. काहीही झालं तरी काम केल्यापासून पंधरा दिवसांच्या पुढे ती जाता कामा नये.
- विलंब भरपाई: हजेरीपट बंद झाल्यापासून सोळा दिवसांपुढे जो उशीर होईल, त्यातल्या प्रत्येक दिवसाला थकलेल्या रकमेच्या ०.०५ टक्के भरपाई मिळते. ती राज्य सरकारने आधी द्यायची आणि मग ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्याकडून वसूल करायची, असा नियम आहे.
- सात दिवस: कलम २३ नुसार कार्यक्रम अधिकाऱ्याने प्रत्येक तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि सात दिवसांत निकाली काढायची. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल, तर तक्रार तिकडे पाठवून तुम्हाला तसं कळवायचं.
- 'केंद्राकडून उशीर' ही सबब: स्वराज अभियानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०१८ रोजी हे स्पष्ट केलं की एफटीओनंतरच्या उशिराची जबाबदारी केंद्र सरकारला झटकता येणार नाही. त्यामुळे तिसऱ्या प्रकारात अडकलेल्या मजुरांनीही पूर्ण काळाची भरपाई अर्जात मागावी.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी १२५ दिवसांच्या कामाची हमी देणारा नवा कायदा संमत केला आहे. म्हणून अर्जात कामाच्या तारखा न विसरता लिहा, कारण कोणत्या कायद्याखालचं काम आहे हे तारखेवरून ठरतं. मनरेगाखाली केलेल्या कामाची मजुरी हे आधीच उभं राहिलेलं देणं आहे. 'ती योजना आता बंद झाली' असं सांगून कोणी तुम्हाला परत पाठवू शकत नाही.

मराठीत अर्ज चालतो का?

चालतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणाही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. केवळ मराठीत आहे म्हणून अर्ज नाकारता येत नाही.

व्यवहारात मात्र अर्ज वाचणाऱ्याला मराठी येत नसेल, तर तो बाजूला पडतो. म्हणून अर्ज मराठीत लिहा, पण विषयाची ओळ आणि रक्कम-तारखांचा तक्ता ओळखीच्या शिकलेल्या मुलामुलीकडून कन्नडमध्येही लिहून घ्या. पूर्ण भाषांतराची गरज नाही. कारकुनाला क्रमांक आणि तारखा कळल्या की त्याला पुढची नोंद शोधता येते. उत्तर बहुधा कन्नडमध्ये येईल. ते वाचून घेतल्याशिवाय कशावरही सही किंवा अंगठा देऊ नका.

एक उदाहरण, हिशेबासकट

समजा, औराद तालुक्यातल्या एका बाईंनी तलावातला गाळ काढण्याचं काम केलं. हजेरीपट २७ एप्रिल ते १० मे २०२५ असा चौदा दिवसांचा होता आणि त्यात त्यांची बारा दिवसांची हजेरी लागली. काम पुरेसं भरलं, म्हणून मजुरी १२ × ३७० = ४,४४० रुपये.

हजेरीपट १० मे रोजी बंद झाला, म्हणून सोळावा दिवस २६ मे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाची भरपाई ४,४४० च्या ०.०५ टक्के, म्हणजे २ रुपये २२ पैसे. पंचायतीत त्यांना 'पैसे वरून आले नाहीत' असं सांगितलं गेलं. पण १६ जूनला काढलेल्या नोंदीत दिवस बारा, रक्कम बरोबर आणि एफटीओचा रकाना रिकामा होता. म्हणजे उशीर दुसऱ्या प्रकारचा, इथलाच. त्या दिवशी भरपाईचे २१ दिवस झाले होते, म्हणजे ४६ रुपये ६२ पैसे. पैसे २५ जुलैला जमा झाले असं धरलं, तर एकूण दिवस ६० आणि भरपाई १३३ रुपये २० पैसे.

रक्कम लहान आहे म्हणून मागायची सोडू नका. भरपाईचा दावा केला की उशिराला जबाबदार कोण, हे लेखी नोंदवणं भाग पडतं. भरपाईचा आकडा संगणक आपोआप काढतो, पण तो मान्य करायचा की नाकारायचा हे कार्यक्रम अधिकारी ठरवतात. नाकारली असेल तर कारण लेखी मागा.

अर्जाचा नमुना

याच बाईंचा अर्ज असा होईल. तुमचे तपशील घालून तो वापरा.

> दिनांक: १६ जून २०२५
>
> प्रति,
> मा. कार्यनिर्वाहक अधिकारी तथा कार्यक्रम अधिकारी (मनरेगा),
> तालुका पंचायत, औराद, जि. बीदर
>
> विषय: मनरेगाची थकीत मजुरी व विलंब भरपाई मिळण्याबाबत तक्रार
>
> महोदय,
>
> मी ……… ग्रामपंचायतीतील ……… गावची रहिवासी असून माझा जॉब कार्ड क्रमांक ……… आहे. मी खालील कामावर मजुरी केली आहे.
>
> कामाचे नाव व क्रमांक: तलावातील गाळ काढणे, ………
> हजेरीपट क्रमांक: ………
> कालावधी: २७ एप्रिल ते १० मे २०२५
> हजेरीचे दिवस: १२
> येणे मजुरी: रु. ४,४४०
>
> हजेरीपट बंद होऊन ३७ दिवस झाले, तरी मजुरी जमा झालेली नाही. आज काढलेल्या नोंदीनुसार या मजुरीचा एफटीओ निघालेला नाही. नोंदीची प्रत जोडली आहे.
>
> तरी विनंती की,
> १. एफटीओ तात्काळ काढून मजुरी माझ्या खात्यावर जमा करावी.
> २. २६ मे २०२५ नंतरच्या प्रत्येक दिवसासाठी, पैसे जमा होईपर्यंतची विलंब भरपाई द्यावी.
> ३. ही तक्रार कलम २३ खालील नोंदवहीत घेऊन तिचा क्रमांक मला द्यावा आणि सात दिवसांत निर्णय लेखी कळवावा.
>
> सोबत: जॉब कार्डाची प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची व शेवटच्या नोंदींची प्रत, मजुरीच्या नोंदीची प्रत.
>
> आपली विश्वासू,
> (सही किंवा अंगठा, मोबाइल क्रमांक)
>
> प्रत: पंचायत अभिवृद्धी अधिकारी, ग्रामपंचायत ………

एकाच हजेरीपटावर दहा-वीस मजूर अडले असतील, तर एकत्र अर्ज करा. पण प्रत्येकाचं नाव, जॉब कार्ड क्रमांक, दिवस आणि रक्कम तक्त्यात वेगवेगळी लिहा. नुसत्या सह्यांची यादी जोडली, तर 'कोणाची किती' हे विचारण्यातच महिना जातो.

अर्ज देताना

- दोन प्रती न्या. एक टपाल विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही स्वीकृती मिळाल्याशिवाय अर्ज दिला असं समजू नका. सात दिवस याच तारखेपासून मोजायचे आहेत.
- घ्यायला नकार दिला तर वाद घालू नका. त्याच दिवशी टपाल कार्यालयातून पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.
- 'साहेबांना भेटून तोंडी सांगा' असं सांगितलं तर जरूर भेटा, पण अर्ज दिल्यानंतर.
- मूळ जॉब कार्ड किंवा मूळ पासबुक कोणाकडे ठेवू नका. जॉब कार्ड मजुराच्याच ताब्यात असायला हवं. कारण नसताना दुसऱ्याने ते ठेवून घेणं हा कायद्याखाली दंडनीय प्रकार ठरू शकतो.

पैसे दुसऱ्याच खात्यात गेले असतील तर

आपल्या भागात हा प्रकार बराच घडतो आणि त्याचं कारण इथल्या स्थलांतरात आहे. जानेवारी २०२४ पासून मनरेगाची मजुरी आधारवर आधारित पद्धतीने देणं सक्तीचं झालं. या पद्धतीत पैसे तुम्ही पंचायतीत दिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. तुमचं आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलं, त्या खात्यात ते जातात. ऊसतोडीला किंवा पुणे-मुंबईला बांधकामावर गेलेल्या माणसाने तिकडे नवं खातं उघडलं, किंवा सिमकार्ड घेताना पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं, तर औरादच्या कामाची मजुरी तिकडच्या खात्यात पडून राहू शकते.

नोंदीत पैसे जमा झाल्याचं दिसत असेल, तर आधी हे तपासा:

१. कोणत्याही बँक शाखेत जाऊन तुमचं आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे ते विचारा.
२. ते भलत्याच बँकेशी असेल, तर पैसे हरवलेले नाहीत. त्या खात्यातून ते काढता येतात.
३. पुढची मजुरी गावच्या बँकेत हवी असेल, तर त्या शाखेत आधार जोडणीचा फॉर्म लेखी भरून द्या आणि पोच घ्या.
४. नोंदीत 'रिजेक्टेड' असेल, तर खातं बंद पडलं आहे का, केवायसी राहिली आहे का, जॉब कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे पाहा. दुरुस्ती झाली की पीडीओंना लेखी अर्ज देऊन पैसे पुन्हा पाठवायला सांगा. परत गेलेली मजुरी बुडत नाही, पण कोणी मागितल्याशिवाय ती अनेकदा पुन्हा पाठवलीही जात नाही.

या प्रकारात उशिराचा दोष पंचायतीवर टाकणारा अर्ज केला, तर तो फेटाळला जाईल आणि तुमचा वेळ वाया जाईल.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर

- जिल्हा पंचायतीच्या सीईओंकडे जा. पहिल्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडून एका पानाचा अर्ज करा. नव्याने सगळी कहाणी लिहू नका. अमुक तारखेला अर्ज दिला, सात दिवस उलटले, उत्तर नाही, एवढं पुरे.
- ओंबड्समनकडे तक्रार करा. मनरेगाच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर हे स्वतंत्र पद आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो, फी नाही आणि वकील लागत नाही. तीस दिवसांत निकाल देणं अपेक्षित असतं.
- माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये फी भरून हजेरीपटाची आणि मोजमाप पुस्तकातल्या त्या पानाची प्रत मागा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. पहिल्या प्रकारात, म्हणजे दिवसच कमी दिसत असतील तेव्हा, या प्रती फार उपयोगी पडतात.
- सामाजिक लेखापरीक्षणाच्या ग्रामसभेत तक्रार इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. नुसतं बोलून खाली बसू नका.
- कायदेशीर मदत लागली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथे मोफत वकील मिळतो.

कायद्याचं पालन न करणाऱ्याला कलम २५ खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्याच अर्जात दंडाची मागणी करू नका. आधी मजुरी आणि भरपाई मागा. लेखी अर्ज देऊनही दाद मिळाली नाही, की पुढच्या अर्जात दंडाची मागणी घाला.

अर्ज कमजोर करणाऱ्या चुका

- हजेरीपटाचा क्रमांक न लिहिणं. तो कायक बंधूकडून काम चालू असतानाच टिपून घ्या.
- तीन-चार कामांची मजुरी एका रकमेत लिहिणं. प्रत्येक हजेरीपटाचा सोळावा दिवस वेगळा असतो.
- मोबाइलवर घेतलेल्या हजेरीत आपलं नाव लागलं की नाही हे न पाहणं. संध्याकाळी घरी जाण्याआधी विचारा.
- 'पैसे काढून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला अंगठा किंवा ओटीपी देणं. मजुरी जमा होण्यासाठी मजुराचा अंगठा कुठेही लागत नाही, तो फक्त पैसे काढताना लागतो.
- मजुरी थकली म्हणून नवं काम मागणं बंद करणं. फॉर्म ६ भरून कामाची मागणी चालू ठेवा आणि तिचीही तारखेची पोच घ्या. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर बेरोजगार भत्त्याचा हक्क वेगळा उभा राहतो.

तुमची मजुरी थकली असेल, तर याच आठवड्यात दोन कामं करा. नोंदीचा कागद काढून मजुरी चारपैकी कुठे अडली आहे ते ठरवा, आणि तालुका पंचायतीतून शिक्क्याची प्रत घेऊन या. शेजारच्या ज्या मजुराला लिहिता येत नाही, त्याचा अर्जही आपल्याबरोबर लिहून द्या.